तेहेतीस लाखांचं बिल, चोवीस लाखांचं उत्पन्न

पत्र: मॅडम, आम्ही दोघं भाऊ सांगलीत सॉफ्टवेअरची भागीदारी फर्म चालवतो. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं अठरा महिन्यांचं काम गेल्या ऑक्टोबरात घेतलं. ऊस नोंदीपासून शेतकऱ्याच्या बिलापर्यंतची सगळी यंत्रणा बसवून द्यायची आहे. किंमत ६० लाख अधिक जीएसटी, आमच्या अंदाजानं खर्च ४५ लाख. सही झाल्यावर ३० टक्के आणि आराखडा मंजूर झाल्यावर २५ टक्के, असं मार्चअखेर ३३ लाखांचं बिल झालं, पैसेही आले. खर्च आत्तापर्यंत २२ लाख झालाय. त्यात पुण्याच्या एका एजन्सीला मोबाइल ॲपसाठी दिलेले ४ लाख आहेत, त्यांचं काम मेमध्ये सुरू होईल. अकाउंटंट म्हणतो ३३ लाख उत्पन्न, ११ लाख नफा. धाकटा भाऊ म्हणतो, काम संपेपर्यंत काहीच दाखवू नका, टॅक्स वाचेल. मला बँकेत कॅश क्रेडिटची, म्हणजे सीसीची मर्यादा वाढवून घ्यायची आहे, म्हणून टर्नओव्हर दिसलेला बरा. नेमकं काय धरायचं?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर:

यंदाचं उत्पन्न २४ लाख धरा. नफा ६ लाख. उरलेले ९ लाख ताळेबंदात देणं म्हणून दाखवा. अकाउंटंटचंही चुकतंय आणि धाकट्या भावाचंही. तुमच्या सीसीचं शेवटी बघू, कारण त्याचं उत्तर या हिशोबातूनच निघतं.

आधी धाकट्या भावाचा मुद्दा, तो लवकर संपतो. काम पूर्ण झाल्यावरच उत्पन्न धरायची पद्धत अकाउंटिंग स्टँडर्ड ९ मध्ये आहे, नाही असं नाही. पण ती अशा सेवेसाठी, जिथे शेवटचं एक पाऊल इतकं मोठं असतं की ते पडेपर्यंत काही झालं असं म्हणताच येत नाही. तुमचं काम तसं नाही. ऊस नोंद, तोडणी-वाहतूक, वजनकाटा, ऊस बिल असे टप्पे एकामागून एक कारखान्याच्या ताब्यात जाणार आहेत. शिवाय आयकरासाठी उत्पन्न कसं मोजायचं याच्या नियमांत, आयसीडीएस-४ मध्ये, सरळ लिहिलंय की सेवेचं कंत्राट ९० दिवसांपेक्षा मोठं असेल, तर उत्पन्न कामाच्या प्रमाणातच धरायचं. अठरा महिन्यांच्या कामाला ती सवलत नाही. काम अगदी सुरुवातीला असेल आणि शेवटी काय हाती लागेल याचा भरवशाचा अंदाज येत नसेल, तर झालेल्या खर्चाएवढंच उत्पन्न धरता येतं. पण हा आडोसाही २५ टक्के कामापर्यंतच, आणि तुम्ही तो टप्पा ओलांडलाय.

आता किती टक्के काम झालं ते काढू. सगळ्यात सोपा आणि तपासायला सोयीचा मार्ग म्हणजे आजवरचा खर्च भागिले एकूण अपेक्षित खर्च. तुमच्या अकाउंटंटला सांगितलंत, तर तो २२ भागिले ४५ करेल, उत्तर ४८.९ टक्के येईल, आणि २९ लाख ३३ हजार उत्पन्न निघेल. हेही चूक आहे, कारण पुण्याच्या एजन्सीनं अजून ॲपची एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. त्यांना दिलेले ४ लाख हा आज खर्च नाही, ते तुमचं येणं आहे. उपकंत्राटदाराला काम सुरू व्हायच्या आधी दिलेली रक्कम टक्केवारीत धरायची नाही, असं अकाउंटिंग स्टँडर्ड ७ सांगतं आणि आयसीडीएसही. नाहीतर वर्ष संपता संपता चार चेक फाडायचे आणि काम पुढे सरकलं म्हणायचं, असं कुणीही करू शकेल.

म्हणून खर्च १८ लाख. १८ भागिले ४५ म्हणजे ४० टक्के. ६० लाखांचे ४० टक्के म्हणजे २४ लाख. त्यातून १८ लाख खर्च गेला की ६ लाख नफा उरतो. अकाउंटंटच्या ११ लाखांशी ५ लाखांचा फरक पडतो, आणि तो दोन ठिकाणांहून येतो: उत्पन्न ९ लाखांनी कमी झालं, खर्च ४ लाखांनी कमी झाला. भागीदारी फर्मला ३० टक्के कर आणि ४ टक्के सेस धरला, तर या ५ लाखांवर ढोबळमानानं १ लाख ५६ हजार रुपये तुम्ही एक वर्ष आधीच भरून बसला असता. टॅक्स वाचवायची धाकट्या भावाची इच्छा अशी अर्धीमुर्धी का होईना, पुरी होते.

या १८ लाखांत काय आहे, तेही एकदा उलटून पाहा. कारखान्यावर बसणाऱ्या मुलांचा पगार, त्यांचं राहणं-जेवण, गाडीचं डिझेल, याच कामासाठी घेतलेलं लायसन्स, हे आत. विश्रामबागच्या ऑफिसचं भाडं, टेंडर भरताना झालेला खर्च, दिवाळीची मिठाई, हे बाहेर. प्रोग्रामरचा पगार वाटताना अंदाजानं ‘अर्धा या कामाचा’ असं लिहू नका. रोज कोण कुठल्या कामावर होता याचा साधा तक्ता ठेवा. पगार हाच तुमचा मोठा खर्च आहे, तिथे वीस टक्के इकडेतिकडे झालं की टक्केवारी हलली, आणि टक्केवारी हलली की नफा.

आकडा निघाल्यावर एक तपासणी जरूर करा. कागद ४० टक्के म्हणतो. जागेवर काय आहे? कारखान्यावर असलेल्या तुमच्या मुख्य माणसाला आकडा न सांगता विचारा, किती झालं असं वाटतं. तो पस्तीस ते पंचेचाळीसच्या आसपास काही बोलला तर ठीक. ‘वीस’ म्हणाला, तर दोनच शक्यता: खर्चात नको ते घुसलंय, किंवा ४५ लाखांचा अंदाज कमी आहे. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा दुसरी.

एंट्री कशा करायच्या

पुस्तकी पद्धतीत बिल करतानाच पूर्ण रक्कम ‘आगाऊ मिळालेलं उत्पन्न’ या देण्याच्या खात्याला जमा करतात आणि कमाई होईल तसतशी विक्रीत ओढतात. मोठ्या कंपन्यांना ते परवडतं. तुमच्यासारख्या ऑफिसात, जिथे बिल करणारा मुलगा आणि जीएसटी रिटर्न भरणारा मुलगा एकच असतो, तिथे मी उलटं सुचवते. बिल नेहमीसारखं विक्री खात्यातच जाऊ द्या, म्हणजे जीएसटीआर-१ ची आणि विक्रीची जुळणी विस्कटत नाही. वर्षअखेरीला जर्नल एंट्रीनं दुरुस्ती करा.

तुमच्या दोन्ही बिलांची मिळून एंट्री अशी होते:

कारखाना खाते नावे ३८,९४,०००
विक्री (सेवा) जमा ३३,००,०००
सीजीएसटी जमा २,९७,०००
एसजीएसटी जमा २,९७,०००

पैसे येताना २ टक्के टीडीएस मूळ रकमेवर कापला असेल:

बँक खाते नावे ३८,२८,०००
टीडीएस येणे नावे ६६,०००
कारखाना खाते जमा ३८,९४,०००

आणि ३१ मार्चला या दोन:

विक्री (सेवा) नावे ९,००,०००
आगाऊ मिळालेलं उत्पन्न जमा ९,००,०००

उपकंत्राटदारास आगाऊ नावे ४,००,०००
उपकंत्राट खर्च जमा ४,००,०००

हे ९ लाख चालू देण्यांत दिसायला हवेत. ते अजून कमवायचे आहेत. काम झालं नाही आणि कारखान्यानं उद्या परत मागितले, तर द्यावे लागतील असे पैसे आहेत ते. त्यामुळे भागीदारांनी उचल घेताना बँकेतली शिल्लक बघू नका, या खात्यातली बघा. जीएसटीचे ५ लाख ९४ हजार या हिशोबात कुठेच येत नाहीत, हेही अकाउंटंटला बजावून सांगा. ते सरकारचे. मी असे ताळेबंद पाहिलेत, जिथे आगाऊ उत्पन्नाची रक्कम जीएसटीसकट लिहिलेली असते आणि मग टक्केवारी शेवटपर्यंत जुळत नाही.

जीएसटी या सगळ्याला थांबत नाही. सेवेसाठी आगाऊ रक्कम आली की त्या रकमेवर कर लागतो, काम झालं असो वा नसो. म्हणून जीएसटीत तुमची उलाढाल ३३ लाख आणि नफातोटा पत्रकात २४ लाख. हा फरक राहणारच. एका कागदावर ‘३३ लाख वजा ९ लाख आगाऊ बरोबर २४ लाख’ असं लिहून फाइलला लावून ठेवा, विचारणा आली की तोच पुढे करायचा.

टीडीएसचं मात्र नीट लक्षात घ्या, इथे बरेच जण चुकतात. आयकर विभागाच्या २६एएस या टीडीएसच्या पत्रकात तुमच्या नावावर ३३ लाख आणि ६६ हजार टीडीएस दिसेल. पण कराचं श्रेय ज्या वर्षी उत्पन्न दाखवलं त्या वर्षी मिळतं. २४ लाखांवरचे ४८ हजार यंदा मागा, उरलेले १८ हजार पुढच्या वर्षी न्या. रिटर्नमधल्या टीडीएसच्या तक्त्यात पुढे नेण्यासाठी वेगळा रकाना असतो. सगळे ६६ हजार यंदाच मागितलेत आणि उत्पन्न मात्र २४ लाखच दाखवलंत, तर विभागाची संगणक प्रणाली बाकीचे ९ लाख कुठे म्हणून विचारणारच.

सप्टेंबरात काय होईल

खरी गंमत पुढे आहे. साखर कारखान्यांच्या अशा कामात एक अंदाज हटकून कोसळतो, तो जुन्या नोंदींचा. एकच शेतकरी तीन गटांत तीन नावांनी असतो, एकात आडनाव आधी, एकात वडिलांचं नाव गाळलेलं. वाटणी होऊन सात-आठ वर्षं झाली तरी ऊस नोंद वडिलांच्याच नावावर. बँक खातं एका भावाचं, गट नंबर दुसऱ्याचा. हे सॉफ्टवेअरनं सुटत नाही, ऊस नोंदी करणारा चिटबॉय आणि कारखान्याच्या शेती खात्यातला माणूस यांना शेजारी बसवूनच सुटतं, आणि तेवढे दिवस तुमच्या मुलांचा पगार चालू राहतो.

समजा ३० सप्टेंबरपर्यंत खर्च ३० लाख झाला आणि एकूण अंदाज ४५ वरून ५० लाखांवर गेला. दरम्यान नवं बिल काही झालं नाही. ३० भागिले ५० म्हणजे ६० टक्के, म्हणून आजवरचं एकूण उत्पन्न ३६ लाख. त्यातले २४ गेल्या वर्षी दाखवले, म्हणजे या सहा महिन्यांचं उत्पन्न १२ लाख. या सहा महिन्यांचा खर्च? ३० वजा १८, तोही १२ लाखच. नफा शून्य.

हे आकडे पाहिल्यावर धाकटे बंधू म्हणतील, पद्धतच चुकीची आहे, पोरं सहा महिने राबली. पद्धत बरोबर आहे. मार्चला तुम्ही असं धरलं होतं की पूर्ण कामात १५ लाख सुटतील, त्यातले ४० टक्के म्हणजे ६ लाख घेतले. आता कळलं की पूर्ण कामात १० लाखच सुटणार, त्यातले ६० टक्के म्हणजे तेच ६ लाख. मार्चला नफा जास्त धरला गेला होता, त्याची भरपाई या सहा महिन्यांनी केली. मागचं वर्ष उघडायचं नाही, मागचं रिटर्न सुधारायचं नाही. अंदाज बदलला की त्याचा सगळा परिणाम बदलला त्या काळातच येतो.

म्हणूनच अंदाज दर तिमाहीला नव्यानं बांधा, आणि तो खालून वर बांधा: कुठलं मॉड्यूल बाकी आहे, किती माणसं, किती आठवडे. ‘४५ लाख वजा झालेला खर्च’ असं उरलेल्या कामाचं गणित करणारा माणूस अंदाज बांधत नाही, जुना आकडा परत लिहितो. त्याची खूण अशी, की तिमाहीमागून तिमाही या कामातला नफ्याचा टक्का जसाच्या तसा दिसतो आणि शेवटच्या तिमाहीत धाडकन खाली येतो.

अंदाज समजा ६० लाखांच्याही वर गेला, ६४ झाला, तर वागणूक बदलते. मग दिसत असलेला पूर्ण ४ लाखांचा तोटा पुस्तकात लगेच घ्यायचा, काम कितीही टक्के झालेलं असो. आयकर मात्र असा पुढचा तोटा आज मान्य करत नाही, तिथे तो कामाच्या प्रमाणातच मिळतो. दोन्हीकडचे आकडे वेगळे राहतील, ते राहू द्या.

सप्टेंबरची एंट्री:

आगाऊ मिळालेलं उत्पन्न नावे ९,००,०००
बिल न झालेलं उत्पन्न नावे ३,००,०००
विक्री (सेवा) जमा १२,००,०००

बघा, मार्चला देणं होतं, सप्टेंबरात येणं झालं. एकूण बिल ३३ लाख आणि कमाई ३६ लाख, म्हणून वरचे ३ लाख अनबिल्ड. दर वेळी एवढंच करायचं: आजवरची कमाई आणि आजवरचं बिल यांतला फरक काढा. बिल जास्त असेल तर देणं, कमाई जास्त असेल तर येणं. खात्यात आधी किती आहे ते बघून फरकाची एंट्री टाका. एकाच कामाचं आगाऊही दिसतंय आणि अनबिल्डही दिसतंय, असं झालं की कुठेतरी एंट्री चुकली समजा.

ही रीत तुमच्या देखभालीच्या कंत्राटांना लावू नका. वर्षभराचे ६ लाख १ जानेवारीला एकरकमी बिल केले असतील, तर तिथे खर्च मोजत बसायची गरज नाही. महिन्याला ५० हजार, मार्चअखेर दीड लाख उत्पन्न आणि साडेचार लाख आगाऊ. फोन कुठल्या महिन्यात जास्त आले याच्याशी हिशोबाला देणंघेणं नाही, तुम्ही वर्षभर हजर राहण्याचे पैसे घेताय.

आता सीसी

३३ लाख टर्नओव्हर दाखवून आज बँकेत गेलात, तर अधिकारी एकच प्रश्न विचारेल: गिऱ्हाइकानं कामापेक्षा जास्त पैसे आधीच दिलेत, मग तुम्हाला खेळतं भांडवल कशाला हवं? आणि त्याचं बरोबर असेल. मार्चला कारखानाच तुम्हाला भांडवल पुरवतोय. तुमची ओढाताण सप्टेंबरात सुरू होईल, जेव्हा आगाऊचे ९ लाख संपलेले असतील, ३ लाखांचं काम बिलाविना पडलेलं असेल आणि पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला द्यावाच लागेल. म्हणून बँकेकडे टर्नओव्हर फुगवून जाण्यापेक्षा २४ लाखांचा ताळेबंद, हातात असलेलं ३६ लाखांचं उरलेलं काम आणि सप्टेंबर ते मार्चचा पैशांचा तक्ता घेऊन जा. मर्यादा त्या सहा महिन्यांसाठी मागा.

जायच्या आधी करारनाम्यातली दोन कलमं वाचा. पहिलं, काम मध्येच थांबवलं तर झालेल्या कामाचे पैसे मिळतील असं लिहिलंय का. लिहिलं नसेल, तर ते ३ लाख येणं म्हणून दाखवताना हातात काहीतरी हवं: मॉड्यूल ताब्यात घेतल्याची शेती अधिकाऱ्याची किंवा चीफ अकाउंटंटची सही, निदान ईमेल. तेही नसेल, तर ३ लाख धरू नका. दुसरं, पुढचं बिल कधी करता येतं. तुमच्या धंद्यातल्या करारांत तिसरा हप्ता बहुतेक वेळा ‘वजनकाट्यावर प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर’ असा असतो. कारखान्याचा वजनकाटा गाळप हंगाम सुरू झाल्याशिवाय चालत नाही, आणि हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आधी सुरू होत नाही. तुमच्या करारात असं असेल, तर अनबिल्डचा आकडा ३ लाखांवर थांबणार नाही. ऊस नोंदीचं मॉड्यूल उन्हाळ्यातच ताब्यात जाईल, त्यावर दहा टक्क्यांचं मधलं बिल मिळेल का, हे कारखान्याशी आत्ताच बोलून घ्या. मे महिन्यात हंगाम संपलेला असतो, शेती खात्याला थोडी उसंत असते. दसऱ्यानंतर तुमचा फोनही कुणी उचलणार नाही.